कार्ड तापलं होतं, पण दोष तापाचा नव्हता

मे महिन्यातली संध्याकाळ, वराळ्यातली एक तीन मजली इमारत आणि तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खाली आग ओतत असतो. खोलीत इंजिनिअरिंगची दोन मुलं, दोन कॉट, आणि टेबलाखाली एक कॅबिनेट. त्यात तीन आठवड्यांपूर्वी बसवलेलं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड होतं, आरटीएक्स ३०७०. मुलगा म्हणाला, "काका, गरम होऊन बंद पडतोय. पेस्ट बदलून घ्यायची का?"

असा पीसी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण निदान सोबत घेऊनच येतो, आणि ते निदान तापाचंच असतं. त्या खोलीत बसलेल्या कुणालाही तेच सुचलं असतं. पण मी त्याला विचारलं, बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? तो म्हणाला, कधी गेम एकदम गायब होतो आणि डेस्कटॉप दिसतो. कधी चित्र जागच्या जागी थिजतं आणि आवाज अडकलेल्या रेकॉर्डसारखा घरघरत राहतो. आणि दोनदा तर अख्खा पीसी लाइट गेल्यासारखा काळा झाला, मॉनिटरसकट. त्याच्या लेखी हा सगळा एकच आजार होता. मला मात्र तो मॉनिटरसकटचा तपशील खटकला, कारण ग्राफिक्स कार्ड कितीही बिघडलं तरी मॉनिटरचा दिवा विझवू शकत नाही.

गेम चालू असताना प्रोसेसर कार्डाला कामांची रांग लावून देतो आणि कार्ड एकेक काम उरकून तसं कळवतं. विंडोज त्यावर लक्ष ठेवून असते. कार्डाकडून दोन सेकंद काहीच उत्तर आलं नाही, तर ते अडकलं असं धरून विंडोज कार्डाचा ड्रायव्हर झटकून पुन्हा उभा करते. ही सोय व्हिस्टापासून आहे. ड्रायव्हर नीट उभा राहिला तर पीसी वाचतो. पण गेमच्या हातातलं कार्ड मधेच काढून घेतल्यासारखं झालेलं असतं. बहुतेक गेमना ते पेलत नाही आणि ते बंद होऊन आपण डेस्कटॉपवर येतो. ड्रायव्हर उभा राहिलाच नाही, तर चित्र थिजतं किंवा निळा पडदा येतो. म्हणजे गेम उडणं आणि चित्र थिजणं ही बहुधा एकाच घटनेची सौम्य आणि तीव्र रूपं असतात. दोन्हींत कार्ड क्षणभर हरवलेलं असतं. पीसी एकदम काळा होणं हे वेगळं प्रकरण आहे. तिथे विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेलेली असते.

चित्र थिजलं की लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का ते पाहा. लागत असेल तर आतला पीसी जिवंत आहे, फक्त पडदा गेलाय. मग Win+Ctrl+Shift+B ही चार बटणं एकत्र दाबायची, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर हातानं झटकला जातो. कधी कधी एवढ्यावर चित्र परत येतं. दिवाही हलत नसेल, तर मात्र अख्खी यंत्रणा गोठली आहे.

पीसी परत चालू झाला की स्टार्टमध्ये हे टाइप करायचं:

```
perfmon /rel
```

यात तारखेवार बिघाडांची यादी दिसते. मुलाच्या यादीत लाल फुल्यांची रांगच होती, आणि बहुतेकांपुढे `LiveKernelEvent` आणि कोड `141` होता. म्हणजे ग्राफिक्स इंजिनाने वेळेत उत्तर दिलं नाही. दोन फुल्यांपुढे मात्र फक्त विंडोज नीट बंद झाली नाही एवढीच नोंद होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच वेळेला `Kernel-Power 41` होतं. या ४१चा लोक फार धसका घेतात, पॉवर सप्लाय गेला असंच समजतात. खरं तर ती नोंद पुढच्या वेळी चालू होताना लिहिली जाते आणि मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता, एवढंच सांगते. तुम्ही स्वतः बटण दाबून पीसी मारलात तरी ४१ येणारच. त्याच्या तपशिलात `BugcheckCode` शून्य असेल, तर विंडोजला स्वतःची तक्रार लिहायलाही सवड मिळाली नव्हती. इथे दोन्ही वेळा शून्यच होतं.

म्हणजे हातात एक नव्हे, दोन आजार होते. तरीही ताप आधी तपासला, कारण तो मोजायला सर्वांत सोपा. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबतच एक छोटी आज्ञा येते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ती चालू ठेवून गेम खेळायचा:

```
nvidia-smi --query-gpu=timestamp,temperature.gpu,power.draw,power.limit,clocks.gr --format=csv -l 1 -f log.csv
```

ही दर सेकंदाला तापमान, कार्ड घेत असलेली वीज, विजेची मर्यादा आणि घड्याळाचा वेग एका फाइलमध्ये लिहीत जाते. अडचण अशी, की पीसी एकदम मेला तर शेवटच्या ओळी डिस्कवर पोहोचलेल्या नसतात, आणि आपल्याला हव्या असतात नेमक्या त्याच. म्हणून आम्ही शेजारच्या मुलाचा जुना मॉनिटर आणून दुसरा पडदा लावला, त्यावर एचडब्ल्यू-इन्फो हा प्रोग्राम उघडा ठेवला आणि समोर मोबाइल उभा करून व्हिडिओ चालू केला. जुगाड आहे, पण मोबाइलचं रेकॉर्डिंग पीसीबरोबर मरत नाही.

खेळ सुरू झाल्यावर बारा मिनिटांत कार्ड ८३ अंशांवर जाऊन थांबलं. ८३ हा योगायोग नव्हता, कारण या कार्डाला कारखान्यातून लावून दिलेलं लक्ष्य तापमान तेवढंच असतं. तिथे पोहोचलं की ते आपला वेग आणि वीज हळूहळू उतरवतं आणि त्याच आकड्याला चिकटून राहतं. २२० वॉटची मर्यादा असलेलं हे कार्ड तेव्हा १९० वॉटच घेत होतं आणि वेग १६९५ मेगाहर्ट्‌झवर आला होता. ८३च्या पुढेही बरीच मोकळी जागा असते. या कार्डाला `nvidia-smi -q -d TEMPERATURE` विचारलं तर चालण्याची कमाल मर्यादा ९३, जोराचा ब्रेक लागतो ते ९५ आणि स्वतःला बंद करून घेतं ते ९८ असे आकडे मिळतात. ताप कार्डाला मारतो तो असा, पायरी पायरीनं. आधी खेळ मंदावतो, अडखळतो, पंखे बोंबलायला लागतात, आणि शेवटी बंद. ८३ अंशांवर तडकाफडकी मरणाऱ्या कार्डाचा खुनी ताप असण्याची शक्यता कमीच.

एक आकडा मात्र वाईट होता. एचडब्ल्यू-इन्फो सरासरी तापमानासोबत चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमानही दाखवतो, `GPU Hot Spot`. दोन्हींत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा. इथे ८३ आणि १०४, म्हणजे एकवीस अंश. चिप आणि तिच्यावरच्या धातूच्या ठोकळ्यामध्ये पेस्ट वाळून गेली किंवा एका बाजूला सरकली की असं होतं. तळेगाव-आंबी रस्त्यावरची धूळ पंख्यांत बसली होती ती वेगळीच. कार्ड उघडलं, ब्रशने झाडलं, जुनी पेस्ट पुसून नवी लावली. परत जोडल्यावर ७३ आणि ८६. मुलगा खूश.

दुसऱ्या रात्री त्याचा फोन आला. आता गेम चार मिनिटांत उडतो म्हणे, आधी निदान पंधरा-वीस मिनिटं तरी चालायचा.

खरं सांगायचं तर त्या फोननेच निदान केलं. कार्ड थंड झालं म्हणजे ८३ची वेसण सुटली, आणि आता ते पुरे २१८ वॉट ओढायला लागलं, वेगही १८९० पर्यंत गेला. आधी तापामुळे ते अंग चोरून चालत होतं, म्हणून तग धरत होतं. आम्ही ताप उतरवला आणि खरा दोष उघडा पडला. थंड केल्यावर लवकर मरतं आणि जास्त वीज ओढताना मरतं, मग बोट विजेकडेच जायला हवं.

विजेच्या मर्यादेबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. `nvidia-smi -q -d PERFORMANCE` चालवलं की `SW Power Cap : Active` अशी ओळ दिसते आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. ताकदीचा गेम चालू असताना कार्डाने आपल्या मर्यादेला टेकून चालणं हीच त्याची रीत आहे. पाण्याची टाकी भरली की फ्लोट पाणी अडवतो, तसंच. काळजीच्या ओळी निराळ्या: `HW Thermal Slowdown` आणि `HW Power Brake Slowdown`.

पण ही मर्यादा सरासरीची असते, आणि खरी खोच तिथे आहे. या पिढीच्या कार्डांत `power.draw`चा आकडा म्हणजे गेल्या एका सेकंदाची सरासरी. त्या सेकंदाच्या पोटात, हजाराव्या भागाहूनही लहान क्षणांत, कार्ड सरासरीच्या दीडपट किंवा त्याहून जास्त वीज ओढून पुन्हा खाली येतं. गेममध्ये एक फ्रेम संपून दुसरी सुरू होते, स्फोट होतो, दार उघडून नवा प्रदेश दिसतो, तेव्हा असे हिसके बसतात. नोंदवहीत मात्र शांतपणे २१८ लिहिलेलं असतं. ही पिढी आल्यावर हिसक्यांचा प्रश्न इतका वाढला, की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या पॉवर सप्लायच्या मानकात, शंभर मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसता आला पाहिजे अशी अट घातली गेली. त्याआधीचे सप्लाय अशा हिशेबाने बनलेले नाहीत. मुलाकडचा साडेपाचशे वॉटचा एसएमपीएस त्याआधीचाच.

याच कारणासाठी फरमार्कवर मी फारसा विसंबत नाही. फरमार्क कार्डाला सतत, एकसारखं रगडतो. वीज मर्यादेला जाऊन चिकटते, पण कार्ड कमी वेगावर आणि कमी व्होल्टेजवर स्थिर होतं, हिसके फारसे नसतात. ताप तपासायला ते उत्तम. पण अर्धा तास फरमार्क चालला म्हणून वीज ठीक आहे, असा अर्थ काढता येत नाही. आमच्याकडेही तो बिनतक्रार चालला होता.

आता परीक्षा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
nvidia-smi -pl 165
```

म्हणजे मर्यादा २२० वरून तीन चतुर्थांशावर आणली. ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत त्यांनी आफ्टरबर्नरमधली पॉवर लिमिटची पट्टी ७५ टक्क्यांवर ओढावी, काम तेच. पीसी पुन्हा चालू केला की आज्ञेने लावलेली मर्यादा मूळ पदावर येते, त्यामुळे प्रयोग म्हणून हे निर्धोक आहे. त्या रात्री गेम तीन तास चालला आणि एकदाही उडाला नाही. फ्रेम थोड्या कमी झाल्या, पण मुलाला सांगेपर्यंत ते जाणवलं नव्हतं.

इथे फुशारकी मारून थांबता येत नाही. मर्यादा उतरवली की वीज कमी होते तसा वेगही कमी होतो. एखादी चिप म्हातारी होऊन वरच्या वेगाला चुकायला लागली असेल, तर तीही या प्रयोगात बरी झाल्यासारखी वाटते. दोन्ही वेगळं करायला कार्डाच्या दारात पोहोचणारं व्होल्टेज पाहावं लागतं. या पिढीच्या कार्डांचं ते एचडब्ल्यू-इन्फोमध्ये दिसतं. कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते: मदरबोर्डच्या खाचेतून, जास्तीत जास्त ७५ वॉट, आणि आठ पिनांच्या केबलमधून, प्रत्येकी १५० वॉट. मर्यादा पुन्हा २२० केली आणि गेम चालू असताना दोन्ही वाटांवर पाहिलं. खाचेतून येणारं व्होल्टेज ११.९. केबलमधून येणारं ११.५. निवांत असताना दोन्हीकडे १२.१ होतं.

एटीएक्सच्या नियमाने बारा व्होल्टची वीज ११.४ पर्यंत उतरली तरी चालते. म्हणजे ११.५ कागदावर पास. पण हाही सरासरीचाच आकडा. हिसक्याच्या क्षणी ते किती खाली जात असेल, हे पडद्यावर दिसत नाही. आणि जास्त बोलका होता तो दोन वाटांमधला फरक. एसएमपीएस स्वतः दमला असता, तर दोन्ही वाटांवर व्होल्टेज साधारण सारखंच पडलं असतं. पडत होतं ते केबलमध्ये.

बाजूची काच काढून पाहिलं. कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट होते, आणि दोन्हींत एकाच केबलची दोन तोंडं खोचलेली. वर दिसायला छान म्हणून त्या तोंडांना रंगीत एक्स्टेन्शन जोडलेली. म्हणजे कार्डाची जवळजवळ १७० वॉट वीज, सुमारे चौदा अँपिअर, एकाच केबलमधून आणि दुप्पट सांध्यांमधून जात होती. चौदा अँपिअर गुणिले ०.४ व्होल्ट, म्हणजे साडेपाच वॉट उष्णता नुसत्या वायरीत आणि सांध्यांत. बोट लावलं तर एक्स्टेन्शनचा प्लग चांगलाच कोमट लागला. एसएमपीएसच्या खोक्यात दुसरी केबल पाकिटातून न काढलेली पडून होती. रंगीत वायरी काढल्या, दोन सॉकेटना दोन स्वतंत्र केबली दिल्या आणि प्लग टक् आवाज येईपर्यंत दाबले. केबलकडचं व्होल्टेज ११.८ झालं. मर्यादा २२०च ठेवली. त्यानंतर १४१ची लाल फुली पुन्हा आली नाही. केबल त्याच सप्लायच्या खोक्यातली हवी, हे जाता जाता सांगतो. दुसऱ्या सप्लायची केबल तोंडाला बसली तरी एसएमपीएसकडच्या पिना उलटसुलट असू शकतात, आणि मग कार्ड जळतं.

उरला दुसरा आजार, मॉनिटरसकट काळोखाचा. त्या दोन वेळांची नोंद पाहिली. दोन्ही संध्याकाळच्या, आणि मुलाला आठवलं की एकदा बाहेर वळवाचा पाऊस सुरू झाला होता. मावळात वळीव आला की दिवे डिम होतात, दोन सेकंद मंद होऊन पुन्हा येतात, हे कुणाला सांगायला नको. पण पीसीला तर यूपीएस होता! तोच दोषी होता. त्यावर लिहिलेलं ६०० व्हीए. लोकांना ते ६०० वॉट वाटतात. अशा छोट्या यूपीएसची खरी ताकद मागच्या स्टिकरवर असते, ३६० वॉट.

हिशेब सोपा आहे. कार्ड २२०, प्रोसेसर ७६, बाकी मदरबोर्ड, पंखे, डिस्क मिळून धरू ४५. झाले ३४१. एसएमपीएस भिंतीतून घेतलेल्या विजेतली सुमारे ८५ टक्केच पुढे देतो, म्हणजे भिंतीतून लागतात ४००. त्यात मॉनिटरचे ३०. मेन लाइन नीट असेपर्यंत यूपीएस ती वीज नुसती पुढे सोडत होता आणि निभत होतं. दिवे डिम झाले की तो बॅटरीवर जायचा, ३६०च्या खांद्यावर ४३० पडायचे आणि तो हात वर करायचा. आधीचं कार्ड ७५ वॉटचं होतं. त्यासकट हाच हिशेब केला तर आकडा २६० येतो. म्हणून दोन वर्षं यूपीएसने कधी दगा दिला नव्हता, आणि म्हणूनच मुलाचा त्याच्यावर संशय गेला नाही. गेम चालू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून उपसला. एक शिट्टी आणि काळोख. यापेक्षा सरळ पुरावा मिळत नाही.

सगळ्याच केसेस इतक्या सरळ सुटत नाहीत. काही गेम बंद पडताना ग्राफिक्स मेमरी संपली असा संदेश देतात, आणि कार्डात काहीच खोट नसते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही वरच्या प्रोसेसरांत हे घडलं. चिप झिजत होती ती प्रोसेसरची, आणि आरोप कार्डावर येत होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर कार्ड उघडण्याआधी मदरबोर्डचा बायोस अपडेट करावा. आणि व्होल्टेज दोन्ही वाटांवर ठणठणीत असूनही १४१ येतच राहिला, तर शेवटचा उपाय एकच: ते कार्ड दुसऱ्या चांगल्या पीसीत लावून पाहायचं. तिथेही तो गेम उडाला तर दोष कार्डाचा.

नवा यूपीएस घ्यायला मुलाकडे त्या महिन्यात पैसे नव्हते. त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला ७५ चित्रंच दाखवू शकतो, आणि गेम मात्र १३० बनवत होता. जास्तीच्या फ्रेम कुणाला दिसत नव्हत्या, वीज मात्र खात होत्या. जुलै २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणीत काही महागडी ३०९० कार्डं जळाली, तेव्हा ॲमेझॉनने मेनूतल्या फ्रेमवर मर्यादा घालणारा पॅच काढला होता. नुसता मेनू दाखवताना कार्डं शेकड्यांनी फ्रेम बनवत बसत. त्यातल्या काही कार्डांत सोल्डरिंगचा दोष होता, हे बनवणाऱ्या कंपनीने नंतर मान्य केलं, तो भाग वेगळा. आम्ही ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ७५ वर लावली. कार्ड १४० वॉटच्या आसपास आलं, आणि भिंतीतला आकडा साडेतीनशेच्या आत. प्लग पुन्हा उपसून पाहिला. यूपीएस कुरकुरला, पण गेम चालू राहिला.